झाकण नवं, लोणचं तेच

हिमायतनगरातल्या त्या जाहिरात कंपनीत मराठी मजकूर लिहिणारी एकटी माधवीच होती. मालक सारंग पुण्याचा. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे तो मराठी अक्षरं लावून लावून वाचायचा, मत मात्र झटक्यात द्यायचा. माधवीला तो गेली तीन वर्षं सीनियर करणार होता. या खेपेला म्हणाला, "प्रतापरावांचं लेबल जमवा. हुद्दा आणि पगारवाढ, दोन्ही पक्कं." माधवीनं ते घरी सांगूनही टाकलं, तिथंच चुकलं.

प्रतापरावांचा अंबरपेठेत लोणच्याचा कारखाना होता. आईच्या नावानं निघालेलं 'चतुराबाईंचं लोणचं' पार नांदेड-लातूरपर्यंत जायचं. यंदा त्यांनी बरणीचं झाकण बदललं. जुन्यातून तेल गळायचं, यातून गळत नव्हतं. बदल एवढाच, पण प्रतापरावांचा उत्साह जणू लोणच्याचा शोधच लागल्यासारखा.

"नवीन लिवा, ताजं लिवा, अभिनव बी लिवा. पब्लिकला नया माल होना बाई!" ते म्हणाले.

"ताजं नाही लिहिता येणार," माधवी म्हणाली. "कायद्यानं फक्त धुतलेल्या-चिरलेल्या भाजीला ताजं म्हणता येतं. हे तर महिनाभर मुरवलेलं."

"मग नवीनतम लिवा."

"म्हणजे यापेक्षा नवीन काहीच नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणी काही काढलं की आपण खोटे. आणि अभिनव म्हणजे पूर्वी कुणी केलंच नाही असं. न गळणारी झाकणं सगळ्या बाजारात आहेत."

"आता साधं नवीन तरी राहू द्याल का नको?" प्रतापराव वैतागले.

"राहू देते. पण काय नवीन ते सांगायला हवं, आणि नवीन म्हणायचं तेही बाजारात आल्यापासून एकच वर्ष. जाहिरातींचा तसा दंडक आहे. आपण 'नवं झाकण' लिहू."

"झाकण? लोकं काय झाकण खातात?"

सारंग खो खो हसला. गिऱ्हाईक हसवतं तेव्हा तो नेहमीच हसायचा. "माधवी, थोडं एक्सायटिंग करा ना! सगळे एकाच अर्थाचे तर शब्द आहेत." शेवटी कायद्याच्या भीतीनं 'ताजं' तेवढं गळालं आणि बरणीवर लालभडक चिकटपट्टी आली: 'नवीन! अभिनव! नवीनतम!' माधवीची पगारवाढ तिच्या हट्टीपणामुळे लांबणीवर पडली. घरी तिनं 'पुढच्या महिन्यात' असं सांगून वेळ मारून नेली. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि पगार हुकल्यापेक्षा ते तिला जास्त लागलं.

दोन महिन्यांत माल परत यायला लागला. काय झालं ते बघायला सारंगनं माधवीलाच सुलतान बाजारात पिटाळलं. तिथले जुने दुकानदार हणमंतराव चाकूच्या पात्यानं बरण्यांवरच्या लाल चिकटपट्ट्या खरवडत बसले होते.

"हे काय काका?"

"काय करता बाई! बायका इचारतात, नवीन म्हंजे चव बदलली का? म्हनतात, नक्को, पैलेचंच द्या. आता पट्टी काढली की हेच पैलेचं होतंय, हौ."

माधवी तिथंच पोट धरून हसली. मग परत येऊन तिनं लेबलवर चार शब्द लिहिले: झाकण नवं, लोणचं तेच. प्रतापरावांनी तोंड वाकडं केलं, पण परत आलेल्या बरण्यांनी गोदाम भरलं होतं, म्हणून छापलं. महिन्याभरात गोदाम रिकामं झालं. प्रतापराव सगळ्यांना सांगत सुटले की लेबलवर झाकण लिहायची कल्पना पहिल्यापासून त्यांचीच. सारंगनं ती ओळ एका स्पर्धेला धाडली, 'अभिनव' या विभागात.

आणि एके दिवशी त्यानं माधवीला बोलावून एक पत्र पुढे सरकवलं. सीनियर कॉपीरायटर. नवीन हुद्दा, नवीन जबाबदाऱ्या, नवीन पर्व.

माधवीनं पत्र दोनदा वाचलं. "पगाराचं कुठं आहे?"

"या वर्षी सेमच. पण डेसिग्नेशन एकदम फ्रेश आहे ना!"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तीन वर्षं हा माणूस तिला हेच लोणचं वाढत होता. तिनं पेन काढलं, तिन्ही 'नवीन' खोडले आणि खाली एक ओळ लिहून पत्र त्याच्याकडे फिरवलं. सारंग अक्षरं लावत वाचू लागला. माधवी पेन हातात धरून उभी राहिली. तिला घाई नव्हती.

"ना-व... नवं... प-गार... तोच." त्याचं हसू मावळलं.

"आता खरं झालं," माधवी म्हणाली आणि ओळीखाली आजची तारीख घातली. "आणि हे नवं एकच वर्ष चालतं, सर. पुढच्या वर्षी याच तारखेला एकतर पगार नवा, नाहीतर या खुर्चीवर माणूस नवा."