दर पंधरा मिनिटांची टकटक

लुईस सरांना एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे त्यांच्या सर्व्हरला कुणी हात लावलेला. कॉलेजची लिफ्ट अडकू दे, कँटीनचा चहा पाण्यासारखा लागू दे, सर हूं की चूं करायचे नाहीत. पण सर्व्हर म्हणजे जीव की प्राण. म्हणून सोमवारी दुपारी त्यांनी वेदांतला लॅबमध्ये बोलावून स्क्रीन त्याच्याकडे वळवली तेव्हा त्यांचा चेहरा घरात चोर शिरल्यासारखा झाला होता.

"बघ हे. जूनपासून चाललंय. जुन्या, बंद केलेल्या एका खात्यात कुणीतरी शिरायला बघतंय. शुक्रवारी मी सगळी जुनी खाती मुळासकट उडवणार आहे. त्याआधी हा भामटा माझ्यासमोर उभा कर."

वेदांत तिसऱ्या वर्षाला होता. सांगलीकडचा पोरगा, जूचंद्रच्या हॉस्टेलवर राहायचा. मेसच्या आमटीला रोज नावं ठेवायचा आणि रोज दोनदा वाढून घ्यायचा. कॉम्प्युटरचा किडा म्हणून सरांनी त्याला सर्व्हरवर काम करायची परवानगी दिली होती. आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, उगाच झाकून काय करायचंय? त्याला वर्गातली खुशी आवडायची. हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं, खुशीला सोडून.

खुशी उमेळ्याची. वर्षभर घरी बसून यंदा परत आली होती, त्यामुळे ती या वर्गात नवी. ऑगस्टमध्ये एकदा ती लॅपटॉप घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "पुसलेल्या फाइली परत येतात का रे?"

तिची आई, जिजा, गेल्या वर्षी वारली होती. आजारपणात खुशीनं संध्याकाळी आईशेजारी बसून तिला बोलतं केलं होतं आणि फोन भरलेला म्हणून लॅपटॉपच्या माइकवरच रेकॉर्ड केलं होतं. तेराव्याला पाहुणे गेल्यावर तिनं त्यातलं एक लावलं. बाबा जेवत होते. आवाज कानावर पडला आणि ते भरल्या ताटावरून उठले, वाडीत जाऊन केळीच्या खुंटांमध्ये उभे राहिले. खुशीला इतका राग आला स्वतःचा, की तिनं सगळ्या फाइली पुसल्या. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. फक्त फोल्डर राहू दिलं. त्याचं नाव होतं 'आई', आणि ते नाव काही तिच्यानं पुसवेना.

वेदांतनं दोन दिवस डोकं फोडलं. पण तिच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, नव्या जातीची डिस्क. जुन्या डिस्कवर पुसलेलं बरंच काही मागे राहतं. इथे मात्र यंत्र मोकळी झालेली जागा स्वतःहून साफ करून टाकतं. काही म्हणता काही मिळालं नाही. "जाऊ दे रे," ती म्हणाली. तिनं त्यालाच धीर दिला, हे त्याला फार लागलं. तेव्हापासून त्याला एकच वाटायचं, की या मुलीला तो आवाज कुठून तरी आणून द्यावा. कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

असो. लॉगकडे, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीकडे येऊ.

लॉगमधल्या ओळी एकसारख्या होत्या. अमुक खात्याचा पासवर्ड चुकला, अमुक पत्त्यावरून आला. खात्याला नाव नव्हतं, नुसता जुन्या बॅचचा रोल नंबर. त्या नंबरचं नाव ऑफिसात मिळालं असतं, पण ऑफिसात परीक्षेची अशी धांदल की क्लार्कनं त्याला खिडकीवरूनच हाकललं.

मग वेदांत वेळा बघत बसला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. तासाच्या ठोक्याला एक, मग सव्वा, साडे आणि पावणेला एक. माणूस असा घड्याळ लावून चुकतो होय? चोर असता तर त्यानं मिनिटाला शंभर पासवर्ड मारून पाहिले असते, आणि दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की पहारेकरी प्रोग्रामनं त्याला बाहेर काढलं असतं. हा दर वेळी एकदाच दार वाजवायचा आणि निघून जायचा, म्हणून पहारेकऱ्याला पत्ताच नाही. शिवाय रविवारी सुट्टी! म्हणजे हे कुठल्या तरी लॅपटॉपवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम होतं, आणि सर्व्हर कॉलेजच्या वायफायवरूनच लागत असल्यानं तो लॅपटॉप कॉलेजात यायचा-जायचा.

आणखी एक. जे खातं सर्व्हरवर नसतंच, त्याच्यापुढे लॉग 'अवैध' असा शब्द जोडतो. इथे तो शब्द नव्हता. म्हणजे खातं अजून जागेवर होतं. फक्त कुलूपबंद.

आयपी पत्ता रोज वेगळा, कारण वायफाय रोज नवा वाटतं. पण कुठला पत्ता कुठल्या यंत्राला दिला याची नोंद पत्ते वाटणारा सर्व्हर ठेवतोच. वेदांतनं त्या वेळांचे पत्ते काढून शेजारी लावले. पत्ते वेगवेगळे, वायफाय कार्डाचा क्रमांक मात्र प्रत्येक वेळी तोच. तो लॅपटॉप सकाळी त्यांच्याच वर्गाच्या वायफायला चिकटलेला, दुपारी लायब्ररीच्या. मग त्यानं नोंदीतलं यंत्राचं नाव वाचलं. लॅपटॉपला मालकानं दिलेलं नाव: umele.

वर्गात उमेळ्याचं एकच माणूस होतं.

खुशी? आणि चोरी? छे, काहीतरीच! पण कार्डाचा क्रमांक खोटं बोलत नव्हता आणि सर शुक्रवारपर्यंत गप्प बसणार नव्हते. बुधवारी दुपारी सर मीटिंगला गेलेले बघून त्यानं तिला लॅबमध्ये बोलावलं.

"खुशी, खरं सांग हां. या नंबरच्या खात्यात तू का शिरतेयस?"

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. "कुणाच्या खात्यात म्हणजे? माझाच नंबर आहे तो. जुना. गॅप घेतला तेव्हा ऑफिसनं सांगितलं, तो आयडी बंद, परत आल्यावर नवा मिळेल."

"मग जुन्याला धडका का मारतेस?"

"मी कुठे मारतेय?" ती वैतागली आणि मधेच थांबली. "अरे... ती बॅकअपची स्क्रिप्ट. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला लिहिलेली. सगळ्यांनी कुठलं तरी एक फोल्डर सर्व्हरवर ठेवायचं होतं. अजून चालू आहे का ती?"

"कुठलं फोल्डर?"

खुशीचा हात ओठांवर गेला. "'आई'," ती म्हणाली.

"वेड्ये, बोलली का नाहीस मला!"

"खातं बंद म्हणजे सगळं पुसलं असंच धरून चालले होते मी!"

तीही काय चुकली म्हणा. खोली बंद झाल्यावर आतल्या सामानाचं काय झालं, असं कुणी विचारतं का? वेदांतनं एका आदेशात कुलूप उघडलं. जुना पासवर्ड परत चालू. दुसऱ्या आदेशानं तो त्या खात्याच्या घरात डोकावला. होत्या! ओळीनं सगळ्या फाइली, तारखांसकट. खुशीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि रडू लागली, आवाज न करता. तो बापडा नुसता "अगं, अगं" करत राहिला.

"थांब, तुझी स्क्रिप्ट दाखव," तो म्हणाला. त्याला वाटलं, आता पासवर्ड चालतोय तर सगळं आपोआप जुळून येईल. तिनं लॅपटॉपवर ती ओळ उघडून दाखवली. दर पंधरा मिनिटांनी 'आई' फोल्डर सर्व्हरवर उतरवायचं, एवढंच काम. वेदांतनं ओळ शेवटपर्यंत वाचली. शेवटी लिहिलं होतं: delete.

म्हणजे सर्व्हरवरची प्रत लॅपटॉपसारखीच ठेवायची. इथे जे नाही, ते तिथूनही काढून टाकायचं. आणि इथे काय होतं? रिकामं फोल्डर! फोल्डरच नसतं तर स्क्रिप्ट चूक दाखवून थांबली असती. पण खुशीनं नाव जपलं होतं. फाइली पुसल्यापासून वर्षभर लॅपटॉप कॉलेजात आलाच नव्हता. म्हणजे जूनपासून ती स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी आईचा आवाज पुसायला येत होती आणि कुलूप लागलेलं बघून परत जात होती. ते कुलूप त्यानं आत्ताच स्वतःच्या हातानं काढलं होतं.

कोपऱ्यातलं घड्याळ पावणेचारला टेकलं होतं.

"हात काढ!" तो ओरडला आणि त्यानं लॅपटॉपचं झाकण धाडकन पाडलं. तिची दोन बोटं सापडली. "आई गं!" ती किंचाळली. झाकण मिटलं, लॅपटॉप झोपला, वायफाय तुटलं. वेदांतनं सर्व्हरवर लॉग पाहिला. नवीन ओळ नव्हती. फाइली मोजायचंही त्याला सुचेना, नुसत्या जागेवर आहेत एवढं बघितलं.

मग त्यानं आधी खात्याला पुन्हा कुलूप घातलं. फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, दुसरी दुसऱ्या पेनड्राइव्हवर. झाल्या गोष्टीनं तो इतका धसकला होता की तिसरीही घेतली असती. खुशी बोटं तोंडात धरून बघत होती.

"लाव ना एक," ती म्हणाली. "कुठलंही."

लॅबच्या जुन्या स्पीकरवर आधी पंख्याची घरघर आली, मग भांडं ठेवल्याचा आवाज, मग एक खणखणीत बाई:

"खुशे, वाडीला पानी सोडलं का कोनी? आन् हे काय लावलंस माझ्यासमोर? बंद कर ते. मी काय कुठं चाललेय का?"

खुशी हसली. हसता हसता टेबलावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. वेदांतला आपल्या घरचं अंगण आठवलं, तिथली आईची हाक आठवली.

दारात लुईस सर उभे होते. कधी आले, कळलंच नाही. "सापडला का भामटा?" असं विचारायला तोंड उघडलं असावं, पण त्यांनी ते मिटलं. बाईंचं वाडीचं बोलणं संपेपर्यंत ते उभ्यानं ऐकत राहिले. मग चष्मा काढून पुसला.

वेदांतनं सगळं सांगितलं. न विचारता कुलूप काढलं, तेही सांगितलं.

"गाढवा," सर म्हणाले, "रिकाम्या फोल्डरवरून कधी बॅकअप चालवतात का? आणि आधी प्रत घ्यायची, मग कुलुपाला हात लावायचा. किती वेळा सांगितलंय वर्गात?" मग खुशीकडे वळले. "नव्या खात्यात ठेव सगळं. तो शेवटचा शब्द काढून टाक. शुक्रवारी जुनं खातं मी उडवणारच."

शुक्रवारी खातं उडालं.

सोमवारी वेदांतनं सवयीनं लॉग उघडला. जूनपासूनची ती ओळ नव्हती. खरं सांगायचं तर त्याला चुकल्यासारखं झालं. टकटक चालू होती तोवर खुशी कॉलेजात असल्याचं त्याला बसल्या जागी कळलं असतं, आणि हे कळेपर्यंत टकटकच संपली. मग सव्वादहाला नवी ओळ उमटली. नवा रोल नंबर, पासवर्ड बरोबर, प्रवेश मिळाला. तो ती ओळ बराच वेळ बघत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत खुशी कँटीनमध्ये त्याच्यासमोर येऊन बसली. बोटांवर अजून निळं होतं.

"काल घरी लावलं," ती म्हणाली. "जेवताना."

वेदांतचा घास हातातच राहिला. "आणि बाबा?"

"उठले नाहीत," खुशी म्हणाली. "म्हणाले, आवाज जरा मोठा कर. आणि अजून एक भाकरी घेतली."