तेरा पॉइंट एक, सहावं गणित

वाल्मिक सरांचा सिद्धांत साधा होता. पेपर काढणारा माणूसही माणूसच, आणि माणूस आळशी. त्याच्या घरी तेच पाठ्यपुस्तक. तो प्रकरणाच्या शेवटचा स्वाध्याय उघडतो, एखादं गणित उचलतो, फार तर आकडे बदलतो आणि जेवायला बसतो. तेव्हा अख्खं पुस्तक करण्यापेक्षा त्याचं बोट कुठं पडतं ते शोधा.

लिंबायतमध्ये, साडी घडी करण्याच्या कारखान्यावरच्या खोलीत सरांचा क्लास होता. मार्चमध्ये दहावीच्या गणितात आपटलेली धनश्री तिथं पूरक परीक्षेसाठी येई. तिच्या आईनं, उषाबाईनं, एकच सांगितलं होतं, "या टायमाला नापास झाली, तर तुन्या मावशीकडे साड्यांवर खडे चिकटवायचे. तिनाकडे जागा रिकामी से." मावशीनं खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती. धनश्रीला अकरावीला जायचं होतं.

सरांनी भिंतीवर तक्ता लावला. उभ्या ओळीत स्वाध्याय आणि गणिताचा क्रमांक, आडव्या ओळीत सहा वर्षांचे पेपर. गणित जसंच्या तसं आलं तर लाल ठिपका, आकडे बदलून आलं तर हिरवा. पहिल्या तीन वर्षांचं काम सरांनी केलं, पुढच्या तीन वर्षांचं धनश्रीनं. तिचं अक्षर चांगलं म्हणून; फीमध्ये सूट मात्र नव्हती.

आठवड्यात तक्त्याचा निकाल लागला. सहा वर्षांत चार ठिपके एकाच घरात. स्वाध्याय १३.१, गणित ६.

"हे येणार," सर म्हणाले. "लिहून देतो."

लिहून दिलंही. तक्त्याचा फोटो क्लासच्या ग्रुपवर गेला, आणि सायंकाळपर्यंत तो कोसाडच्या शोभाबाईंच्या मोबाइलवर होता. त्यांचा मुलगा भूपेंद्रसुद्धा पूरकला बसणार होता. त्यांनी सरांना फोन केला. "मास्तर, याच्याखेरीज दुसरं काही वाचायचं का? पोरगा विचारतोय."

"उत्तर पाठ ठेवा. दोनशे वीस चौरस मिलिमीटर."

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर औषधाची कॅप्सूल काढली. मधे वृत्तचिती, दोन्ही टोकांना अर्धगोल. पृष्ठफळ काढलं. दोनशे वीस चौरस मिलिमीटर. पोरं पुस्तकाकडे आणि फळ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिली.

"सर," धनश्री उठली, "ह्यात कॅप्सूल कुठाय? इथं पंचवीस कुटुंबांचा जेवणाचा रोजचा खर्च आहे. सरासरी काढायची आहे."

"गोळी जेवणानंतरच घेतात ना," मागून योगिता म्हणाली.

सरांनी तिचं पुस्तक घेतलं, मग स्वतःचं. सरांचं पुस्तक त्यांच्या पहिल्या बॅचच्या वेळचं. कव्हर तीनदा बदललं होतं, आतलं नव्हतं. नव्या आवृत्तीत भौमितिक रचनांचं प्रकरण गाळलं होतं, त्यामुळे त्याच्या पुढची सगळी प्रकरणं एकेक क्रमांक अलीकडे सरकली होती. सरांचं तेरावं प्रकरण घनफळाचं, पोरांचं सांख्यिकीचं. सरांचे दोन ठिपके कॅप्सूलचे, धनश्रीचे दोन जेवणाचे. चार वेळा आलेलं गणित असं नव्हतंच.

"मग फोटो?" धनश्रीनं विचारलं.

"फोटो गेला तो गेला," सर म्हणाले. "त्याला परत कसा बोलवू?"

परीक्षेला नऊ दिवस होते. धनश्रीनं तक्ता उतरवला, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नवा आखला. आता क्रमांकाऐवजी गणित वाचून जुळवायचं होतं. आकडे बदललेलं गणित नुसतं बघून ओळखू येईना, म्हणून तिला ते सोडवून बघावं लागे: हे तेच का, की फक्त दिसायला तेच? आठव्या दिवशी सर्वांत जास्त ठिपक्यांच्या घरात तीन होते, आणि अशी घरं अकरा होती.

"म्हणजे काहीच ठरत नाही," सर वैतागले.

"ठरतं ना सर. आकडे बदलून येतं. आणि ही अकरा तरी सोडवता यायला हवीत."

"हे पोरांना मी कोणत्या तोंडानं सांगू?"

सांगितलं नाही; शोभाबाईंनाही नाही.

पेपरात सरासरीचं गणित आलं. कुटुंबांऐवजी दुकानं, आकडे वेगळे. भूपेंद्रनं दुकानांची रोजची सरासरी विक्री दोनशे वीस चौरस मिलिमीटर लिहिली. शोभाबाई म्हणाल्या, एकक तरी बरोबर आहे ना? वृत्तचितीवर अर्धगोल बसवलेलं खेळणंही आलं. सर क्लासच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मी म्हटलं होतं, तेरा पॉइंट एक! दोन्ही पुस्तकांतलं आलं."

धनश्रीला ऐंशीपैकी त्रेचाळीस मिळाले. सरांनी क्लासच्या बोर्डावर तिचा फोटो लावला, खाली 'तक्ता पद्धतीचं यश', आणि पुढच्या वर्षीचा तक्ता करायला बोलावलं.

"करते," ती म्हणाली. "आधी तुमचं पुस्तक रद्दीत घाला."

उषाबाईनं बहिणीला फोन लावला. "खुर्ची तूच वापर आता. पोर अकरावीले जाई राहिनी."