पहिली खेप, नक्की

माफीची मेल लिहायची म्हणजे धाकटीला शिक्षाच वाटायची. माल वेळेवर गेला की शाबासकी मालकांची, आणि तारीख चुकली की मेल धाकटीची! ऑफिसातली ती सगळ्यात लहान, म्हणून मास्तरांनी तिला धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. मास्तर गेले त्याला वर्ष होत आलं होतं. माल पाठवण्याचं त्यांचं टेबल, त्यांचा फोन आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या, सगळं तिच्याकडे आलं.

कारखाना सिलिकॉनच्या रबराची सील बनवायचा. नवजात बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात ना, त्या पेटीच्या दारांना बसणारी. साच्यातून काढलेलं सील पुन्हा भट्टीत काही तास भाजावं लागतं, तेव्हा कुठे त्यातला वास आणि चिकटपणा जातो. यावेळी भट्टीचा काटा खोटं बोलत होता. आकडा दाखवायचा पुरेसा आणि आतली आच निम्मी. अख्खा घाणा कच्चा निघाला आणि तारीख हुकली.

"भट्टीचं लिहू नकोस," मालक म्हणाले. "भट्टी म्हटलं की तपासायला माणसं धाडतील. वाहतुकीची अडचण लिही. आणि गुरुवारी पहिली खेप नक्की, असं ठणकावून सांग."

"पण मालक, नवीन माल गुरुवारपर्यंत कसा होणार?"

"पहिल्या खेपेत हा कच्चाच घाल. हाताला फारसा चिकटत नाही. पुढच्या खेपा नव्या भाजणीच्या. हे गिऱ्हाईक गेलं तर शटर ओढायचं, ठाऊक आहे ना? मग तूही घरी आणि मीही."

धाकटीने मनात हिशेब केला. घरी आईचं आजारपण, भावाचं अजून कशात काही नाही. नोकरी गेली तर काय खायचं, डोंबल? तिने मास्तरांची एक जुनी माफीची मेल उघडली. मास्तरांसारखी माफी मागणारा माणूस पुन्हा होणे नाही. वाचून गिऱ्हाइकालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. तिने त्यातच वस्तू बदलली, तारखा बदलल्या, आणि भराभर खाली आली.

"ठरलेल्या तारखेला माल पोचला नाही, त्यामुळे तुमची जुळणी खोळंबली, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. उशिराचं कारण वाहतुकीतली अडचण. पहिली खेप गुरुवारी नक्की पोचेल, उरलेला माल पुढच्या आठवड्यात दोन खेपांत. प्रत्येक खेपेसोबत तपासणीचा अहवाल जोडू. पुन्हा असं होऊ नये म्हणून यापुढे माल ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी बांधून तयार ठेवू. सगळा माल तुमच्या हाती पडेपर्यंत आमचे मास्तर रोज संध्याकाळी स्वतः फोन करून प्रगती कळवतील."

मालकांनी मान डोलावली. मेल गेली. जुन्या मेलमधून तशीच आलेली शेवटची ओळ दोघांच्याही नजरेतून सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या बनवणाऱ्या कंपनीतल्या खरेदीवाल्या बाईंचं उत्तर आलं. बाई तिथे नव्या होत्या, आणि तोंडाने तिखट म्हणून आधीच प्रसिद्ध. पण उत्तर मात्र मऊ होतं. "योजना मिळाली. काल मास्तरांचा फोन आला, बरं वाटलं. इतकं कोण करतं हल्ली!"

धाकटीने ते पुन्हा वाचलं. मग आपली मेल उघडली, शेवटपर्यंत वाचली. रोज फोन करायला तिने वर्षापूर्वी वारलेल्या माणसाला बसवलं होतं!

कुणीतरी चेष्टा करत असणार. असली जीवघेणी चेष्टा करणाऱ्याच्या मुस्काटात द्यायला हवी! पण मेलमध्ये काय आहे हे तिच्याखेरीज फक्त मालकांना ठाऊक, आणि मालक मास्तरांचं नाव जरी निघालं तरी मान खाली घालत. तिने बाईंना फोन लावला. चूक झाली म्हणून सांगायचं होतं, पण तोंडून निघालं भलतंच.

"मास्तर... काय म्हणाले?"

"छान बोलतात हो. मध्येमध्ये खोकला फार येतो बिचाऱ्यांना. औषध घ्यायला सांगा. आणि हो, तुमच्यापैकी धाकटी कोण? तिला निरोप आहे. म्हणाले, भट्टीचं लिहायचं राहिलं."

धाकटीने फोन ठेवला. त्या खोकल्यानेच मास्तरांना नेलं होतं.

त्या संध्याकाळी ती मुद्दाम टेबलापाशी बसून राहिली. फोनकडे बघत. बाकीचे घरी गेले, शिपायाने दिवे मालवले, तिने एकच ठेवायला लावला. फोन वाजला नाही, कुणी उचलला नाही. पंखा बंद असताना टेबलावरचे कागद एकदा किंचित हलले, तेवढंच. वारा असेल, असं मनाला समजावत ती घरी गेली.

सकाळी बाईंनीच फोन केला. "काल मास्तर जरा तुटक वाटले. म्हणाले, पहिली खेप उतरवून घेऊ नका, धाकटी स्वतः कारण सांगेल. काय प्रकार आहे?"

"कुठल्या नंबरवरून आला होता फोन?"

"याच की! तुमच्या टेबलाचा नंबर आहे ना हा? दोन्ही वेळा याच नंबरवरून आला."

धाकटीने हातातल्या रिसीव्हरकडे पाहिलं. काल संध्याकाळी या टेबलापाशी तिच्याशिवाय कुणीही नव्हतं.

खाली गाडीत खोकी चढत होती. ती जिना उतरून गेली, एक खोकं फोडलं आणि सील नाकाशी धरलं. कच्च्या रबराचा उग्र वास. तिला ती काचेची पेटी दिसली, आत तळहाताएवढं बाळ, आणि त्याने हाच वास श्वासात ओढायचा. नक्की म्हणजे नक्की, नाहीतर जीभ आवर, असं मास्तर रोज बजावत. आणि तो नक्की शब्द तिने कशाच्या जोरावर लिहिला होता? स्वतःची तिला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"उतरवा सगळं," तिने हमालांना सांगितलं.

मालक धावत आले. "डोकं फिरलंय का तुझं? शटर ओढायला लावणार आहेस?"

"ओढा. पण हा माल बाळांच्या पेटीला लागणार नाही. मी बाईंना सांगते आहे."

आणि तिने सांगितलं. भट्टी, कच्चा घाणा, वाहतुकीचं खोटं, सगळं. मग नवी मेल लिहिली, एकेक शब्द स्वतःचा. भट्टीचा काटा बदलू, नवा काटा वेगळ्या तापमापकाशी ताडून पाहू, कच्चा घाणा मोडीत काढू, तारीख आठवड्याने पुढे. गुरुवारची खेप येणार नाही. रोज संध्याकाळी फोन मी करीन. खाली स्वतःचं नाव.

बाई संतापल्या. खूप बोलल्या, आणि धाकटीने ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतंत तर ही शेवटची ऑर्डर होती. मास्तरांनी मला कालच बजावलं होतं, ती सांगेल, आणि सांगितलं तर तिची साथ सोडू नका."

त्यानंतर रोज संध्याकाळी धाकटी फोन करत राहिली. मास्तरांचा फोन बाईंना पुन्हा आला नाही. मालक तिच्याशी कामापुरतंच बोलत, पण काटा त्यांनी स्वतः उभं राहून बदलून घेतला. आठवड्याने नवा, नीट भाजलेला माल गेला, तपासणीत पास झाला. बाईंनी पोच पाठवली आणि खाली लिहिलं, "मास्तरांना नमस्कार सांगा. आता फोनची गरज नाही."

सगळे निघून गेल्यावर धाकटी टेबलापाशी थांबली. कसंतरीच वाटत होतं, पण न सांगता जाववेना.

"मास्तर, माल पोचला," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "चुकले मी. पुन्हा नाही लिहिणार तसं."

मग घरी उशीर होईल हे आईला कळवावं म्हणून तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. दिवसभर त्या फोनला कुणी हात लावला नव्हता. तरी तो गरम होता, कुणीतरी बराच वेळ बोलून आत्ताच खाली ठेवल्यासारखा.