उतरणीची रेघ

हृदयविभागाच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी यंत्र दुरुस्तीच्या खोलीत परत पाठवलं. एकाच पेशंटचा आलेख या यंत्रावर खाली झुकलेला येत होता, शेजारच्या यंत्रावर सरळ. झुकलेला आलेख म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय, असाच अर्थ निघतो.

दुरुस्तीच्या खोलीतल्या तरुण तंत्रज्ञ मुलीने यंत्र उघडलं आणि आतल्या फिल्टरला एकेका फ्रीक्वेन्सीचा सिग्नल देऊन बाहेर किती येतो ते मोजत गेली. खालच्या टोकाला एकेक लाट वीस-वीस सेकंदांची, त्यामुळे सकाळ त्यातच गेली. बिंदू जोडून रेघ काढली, तेव्हा दादा मागे येऊन उभे राहिले. खोलीतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. सोल्डरिंग आयर्न तिच्या हाती पहिल्यांदा त्यांनीच दिलं होतं.

"वाचून दाखव," ते म्हणाले.

"दहा हर्ट्झला सपाट आहे. एक हर्ट्झपासून उतरायला लागते. अर्ध्या हर्ट्झला तीन डीबी खाली, म्हणजे सत्तर टक्केच सिग्नल उरतो."

"अर्ध्या? रेघ तीन डीबी खाली येते तो कोपरा शून्य पूर्णांक शून्य पाचला हवा. तिथे किती आहे?"

"जवळपास वीस डीबी खाली. म्हणजे दहावा हिस्साच उरतो."

दादा स्टुलावर बसले. "उतार बरोबर आहे, दहापटीला वीस डीबी. नुसता कोपरा दहापट वर सरकलाय, म्हणून संथ लाटा गाळल्या जाऊन आलेख झुकतोय. रेझिस्टर ठीक असेल तर कपॅसिटर दहापट लहान बसलाय. त्यावरचा आकडा बघ."

तिने भिंगातून पाहिलं. ३३५ हवं होतं, ३३४ होतं; शेवटचा आकडा शून्यं किती ते सांगतो, म्हणजे बरोबर दहापट लहान. मागच्या महिन्यात तो कपॅसिटर कोणी बदलला, हे तिला ठाऊक होतं. तिने भिंग खाली ठेवलं.

"मीच बसवला," दादा म्हणाले. "वर्षभर झालं, बारीक अक्षर दिसत नाही. अंदाजाने काम ओढत होतो."

"दादा, मी आत्ता बदलते. कोणाला कळायचं नाही."

"वॉर्डात कोणीतरी या यंत्राच्या कागदावर विश्वास ठेवून पडलंय, पोरी."

त्यांनी तिच्याकडून रजिस्टरमध्ये आपली चूक लिहवून घेतली, खाली सही केली आणि डॉक्टरीणबाईंकडे गेले. दादांनी वर्षभरात दुरुस्त केलेली बाकीची चार यंत्रं तिने त्याच दिवशी मोजली. ती ठीक निघाली.

त्याआधी या यंत्राच्या आलेखावरून एकाच बाईंना भरती केलं होतं. नवा आलेख आणि रक्ताची तपासणी दोन्ही चांगली आल्यावर डॉक्टरीणबाई दादांना बरोबर घेऊन त्या बाईंच्या खाटेपाशी गेल्या. दादांनी हात जोडले. "तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही. यंत्र चुकलं, आणि ते माझ्या हातून."

"तीन दिवस निरवानिरव करतेय मी," बाई म्हणाल्या. "लेकीला कपाटाची किल्लीसुद्धा देऊन टाकली."

दादा हात जोडून तसेच उभे राहिले. शेवटी बाईंनीच खाटेजवळची खुर्ची दाखवून त्यांना बसायला सांगितलं.