वजा एक

शनिवारी दुपारी तीन वाजता सोनमचा फोटो आला, तेव्हा भुवनेश्वरी मॅडम क्लासमधल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होत्या. शुक्रवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानावरचा हा हॉल अकरा वर्षांपासून त्यांच्याकडे भाड्याने होता. बँकांच्या परीक्षांना बसणारी मुलं इथं त्यांच्याकडून गणित शिकायची. उद्या रविवारी सकाळी लिपिक पदाची पूर्वपरीक्षा होती. अडतीस मुलं बसणार होती. शिकवायचं सगळं शिकवून झालं होतं, तरी मॅडमना घरी जाववत नव्हतं.

फोटोत त्यांनीच परवा वाटलेल्या छापील उजळणीच्या कागदातलं एक गणित होतं. दोन लाखांचं कर्ज, व्याज द.सा.द.शे. बारा, घटत्या शिल्लकेवर, मुदत चोवीस महिने. मासिक हप्ता काढा. कंसात १.०१ चा चोविसावा घात १.२६९७३ असा दिलेला. खाली सोनमने लिहिलं होतं, ‘मॅडम, माझं उत्तर २,०२० येतंय.’

मॅडमना हसू आलं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर झरझर मांडलं. महिन्याचा दर एक टक्का, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज दोन हजार. त्याला १.२६९७३ ने गुणलं, ०.२६९७३ ने भागलं. नऊ हजार चारशे पंधराच्या आसपास. त्यांनी उत्तर पाठवलं, ‘९,४१५. तुझी आकडेमोड चुकली. शांत डोक्याने पुन्हा कर.’

दहा मिनिटांनी फोन वाजला. सोनमचा आवाज रडवेला होता. ती महिन्यापूर्वी मंगळवेढ्याहून येऊन सोलापुरात खोली घेऊन राहणारी, वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी पोरगी.

“मॅडम, तीनदा केलं. दोन हजार वीसच येतंय. मला काय झालंय कळंना. उद्या पेपर हाय आन् मला साधं गणित येईना.”

“सूत्र बरोबर घेतलंस का?”

“तुमच्याच कागदावरचं घेतलंय की. पण मॅडम, एक सांगू का? दोन हजार वीस गुणिले चोवीस म्हंजे अठ्ठेचाळीस हजार चारशे ऐंशी. बँक दोन लाख देती आन् पन्नास हजार बी माघारी घेत न्हाय? अशी बँक कुटं असती का? म्हणून मला वाटलं, माझंच कायतरी लई चुकतंय.”

मॅडमनी फोन कानावरून काढला आणि तो फोटो बोटांनी मोठा केला. गणिताच्या वर चौकटीत सूत्र होतं. वरचा भाग ठीक होता. खालच्या भागात मात्र ‘वजा एक’ घाताला चिकटून वर चढला होता. कंसाचा चोविसावा घात काढून त्यातून एक वजा करायचा होता. कागद सांगत होता, तेविसावा घात काढा. मग वरचे चोवीस आणि खालचे तेवीस एकमेकांना खाऊन टाकणार आणि हातात उरणार दोन हजार गुणिले १.०१. दोन हजार वीस. मुलीची आकडेमोड अगदी चोख होती.

हा कागद टायपिंगवाल्याकडून आला तेव्हा त्यांनी घाईत फक्त गणितांतले आकडे ताडून पाहिले होते. सूत्र काय, पाठ आहे, म्हणून त्यावरून नजरही फिरवली नव्हती. कागदाखाली स्वतःचं नाव मात्र ठळक छापून घेतलं होतं.

“सोनम,” त्या म्हणाल्या, “तू बरोबर आहेस. माझा कागद चुकलाय. आणि मघाशी मी न बघताच तुला चूक म्हटलं, तेही माझंच चुकलं.”

पोरगी म्हणाली, “आई शप्पत, मॅडम, मला वाटलं मला वेडच लागलं.”

मॅडमनी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत सूत्र लिहिलं, ‘वजा एक’ला लाल गोल केला, फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘छापील कागदातलं हप्त्याचं सूत्र चुकीचं आहे. चूक माझी आहे. हे घ्या. बघितल्यावर प्रत्येकाने कळवा.’ मग त्या खुर्चीवर बसल्या, उठल्या, खिडकीशी गेल्या, परत बसल्या. एकेक ‘ओके मॅडम’ येत होतं. वहीतल्या नावांपुढे त्या खुणा करत गेल्या. जुन्या मुलांच्या वहीत बरोबर सूत्र होतं, त्यांची काळजी नव्हती. पण शेवटच्या महिन्यात आलेल्यांनी हप्ते शिकलेच होते ते या कागदावरून.

पाच वाजेपर्यंत एकतीस खुणा झाल्या. उरलेल्या सातांना त्यांनी फोन लावले. एक मुलगी पुण्याच्या एसटीत होती, तिला गर्दीच्या आवाजात तीनदा ओरडून सांगावं लागलं. एकाच्या वडिलांनी फोन उचलला, “पोरगं झोपलंय, उठवू का?” “उठवा,” मॅडम म्हणाल्या. सहा जणांना सांगून झालं. सातवा जोतिराम. त्याचा फोन बंद.

जोतिराम पेट्रोल पंपावर काम करायचा. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला, अठ्ठावीस वर्षांचा, बोलायला कमी. महिन्यापूर्वीच क्लासला आला होता. परीक्षेच्या आधी आठ दिवस फोन बंद ठेवणार, असं त्यानं सांगितलं होतं आणि मॅडमनी त्याचं भर वर्गात कौतुक केलं होतं.

त्यांनी स्कूटी काढली आणि मंगळवेढा रोडवरचा पंप गाठला. तिथला दुसरा मुलगा म्हणाला, “जोत्या व्हय? सुट्टी घेतलीय त्यानं. भैनीकडं ऱ्हायलाय.”

“बहीण कुठं राहते?”

“ते काय म्हाईत न्हाय. काय झालंय का, मॅडम?”

“एक सूत्र सांगायचं होतं.”



घरी नवऱ्यानं चहा पुढे ठेवला, तो निवून गेला. “अडतिसांतला एक,” तो समजुतीनं म्हणाला. “आणि ते गणित येईलच असंही नाही.”

“आलं तर?” मॅडम म्हणाल्या.

जोतिरामचं परीक्षा केंद्र मात्र त्यांना ठाऊक होतं. गावाबाहेरचं इंजिनिअरिंग कॉलेज. प्रवेशपत्र कसं वाचायचं हे त्यानं त्यांच्याकडूनच समजून घेतलं होतं. रविवारी साडेसातलाच त्या तिथं फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. पोरं येत होती, बापलोक गाड्यांवर बसून पोरांच्या पिशव्या सांभाळत होते. मॅडम प्रत्येक चेहरा बघत होत्या. आठ वाजले. सव्वाआठ झाले. आणि मग तो दिसला, पण फाटकाच्या आत, तपासणीच्या रांगेत. त्यांच्याही आधी येऊन बसला होता.

“मला दोन मिनिटं आत सोडा,” त्या रखवालदाराला म्हणाल्या.

“प्रवेशपत्र?”

“मी शिक्षिका आहे. त्या मुलाला फक्त एक वाक्य सांगायचंय.”

“मॅडम, तसं सोडता येत न्हाय. माझी नोकरी जाईल.”

भुवनेश्वरी मॅडम भर वर्गातही आवाज चढवायच्या नाहीत. त्यांनी फाटकाचे गज धरले आणि जीव खाऊन ओरडल्या, “जोतिराम! वजा एक खाली! घातात नाही, खाली!”

सगळी रांग वळली. कुणीतरी हसलं. जोतिरामनंही वळून पाहिलं, त्याचा चेहरा उजळला. मॅडम एवढ्या लांब आपल्याला शुभेच्छा द्यायला आल्या, असं त्याला वाटलं असावं. त्यानं दोन्ही हात जोडले, वाकून नमस्कार केला आणि तो आत गेला.

त्या दोन तास तिथंच थांबल्या. चहाच्या टपरीवर बसल्या, उठल्या, फाटकापर्यंत फेऱ्या मारल्या.

साडेदहाला पोरं बाहेर पडली. जोतिराम शेवटच्या घोळक्यात होता. त्याला काही विचारायची हिंमत मॅडमना होईना. त्यानंच सुरुवात केली.

“हप्त्याचं गणित आलं हुतं, मॅडम. एक लाख वीस हजार, बारा टक्के, बारा म्हयने. तुमच्या सूत्रानं बाराशे बारा आलं. पर्यायात कुटंच न्हाय. परत केलं, परत त्येच.”

“मग?”

“मग सूत्र सोडलं. म्हटलं, नुसती मुद्दल बारा म्हयन्यांत फेडायची तरी म्हयन्याला दहा हजार पायजेत. तवा हप्ता दहाच्या वरच. आन् पुऱ्या पैशावर वरीसभर व्याज लावलं तर चौदा हजार चारशे, म्हंजे हप्ता अकरा हजार दोनशे. पण शिल्लक दर म्हयन्याला घटती, व्याज बी घटतं, तवा त्याच्या आतच. दोन्हीच्या मधी एकच पर्याय हुता. दहा हजार सहाशे बासष्ट. लावला.”

“बरोबर लावलास,” मॅडम म्हणाल्या. “अगदी बरोबर.”

“पण सहा मिनिटं गेली की,” तो म्हणाला. “गणिताला सगळी मिळून वीस. शेवटची चार वाचली बी न्हाईत. त्यातली दोन सोपी हुती म्हणतात पोरं.”

मॅडमनी पिशवीतून तो छापील कागद काढला आणि चूक कुठं होती ते त्याला दाखवलं. काल दुपारपासून काय काय केलं, हे सांगणार होत्या, पण ते सांगितलं नाही. नुसतं म्हणाल्या, “ही माझी चूक आहे.”

जोतिरामनं कागद बराच वेळ पाहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, “कागद तुमचा हाय म्हणून पयल्यांदा मी मलाच खोटं धरलं, मॅडम. त्यातच येळ गेला.”

पाच आठवड्यांनी निकाल लागला. सोनम पास झाली आणि पेढे घेऊन आली. जोतिराम सव्वा गुणानं राहिला.

त्या संध्याकाळी मॅडम पुन्हा पंपावर गेल्या. तो एका ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल सोडत होता. त्यांना बघून त्यानं मान हलवली, पैसे घेतले, हात पुसले आणि बाजूला आला.

“त्या कागदापायीच गेलं असं न्हाय म्हणत मी,” तो म्हणाला. “इंग्रजीत बी मार खाल्लाय. पण न्हाईच गेलं, असं बी म्हणता येत न्हाय.”

“नाहीच म्हणता येत,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या बॅचची फी मी तुझ्याकडून घेणार नाही.”

“फी देनार की मी. फुकटचं नगं.” मागे एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. “तुमी एक करा. पुढं कागद छापायच्या आधी मला दावत जावा. मी समदी गणितं करून बघीन. आयता सराव बी हुईल.”

“आणि चूक सापडली तर?”

“तर सांगीन की. आता भ्याचं काय त्यात?”

तो हसला नव्हता, पण रागावलेलाही दिसत नव्हता. मोटारसायकलवाला परत हॉर्न वाजवायला लागला, तसा “सोमवारी येतो” म्हणून तो धावला. मॅडम स्कूटीवर बसल्या. व्याजाच्या पुढच्या कागदाचा कच्चा मसुदा टायपिंगवाल्याकडं देऊन चार दिवस झाले होते. त्यांनी घराकडची वाट सोडली आणि तो आधी परत आणायला निघाल्या.