गोंदाचा थेंब

छोट्या पंचेचाळिशीला आला होता, डोक्यावर टक्कल पडलं होतं, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकं त्याला 'डॉक्टर' म्हणायची; पण दादा दारात उभा राहून "छोट्या!" म्हणाला की हातातला स्क्रू खाली पडायचाच. त्या दुपारीही पडला.

"बघ रे, काय झालंय याला," म्हणत दादाने फोन काउंटरवर ठेवला. कॅमेरा सुरू केला की पडद्यावरचं चित्र थरथरत होतं आणि मागून मुंगीएवढी घरघर ऐकू येत होती. छोट्याने एका नजरेत ओळखलं. दादाने महिनाभर रस्ता बघण्यासाठी फोन स्कूटरच्या हँडलला अडकवला होता. कॅमेऱ्याचं भिंग हाताचं हलणं सांभाळण्यासाठी बारीक तारांवर तरंगत असतं. इंजिनाच्या कंपनाने त्या तारा कामातून गेल्या होत्या.

"स्टॅबिलायझर गेला," छोट्या म्हणाला. "अख्खा कॅमेरा बदलावा लागेल. ओरिजिनल मागवतो. तीन आठवडे."

"तीन आठवडे?" दादा खुर्चीवर बसलाच. "अरे, धूमकेतू आठ दिवसांत खाली जातोय. परत यायला हजारो वर्षं. मी काय तोवर थांबणार आहे?"

दादा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुर्बीण लावून शेताच्या कडा मोजल्या. आता दुर्बीण सरकारजमा झाली म्हणून फोन आकाशाकडे लावायचा. हा फोनही त्याने सहा महिने चौकशी करून घेतला होता. दुकानदार मेगापिक्सेल सांगायला लागला की दादा त्याला थांबवायचा. "दाणे किती ते नको सांगू, पोतं केवढं ते सांग. सेन्सर केवढा? भिंगाचं तोंड किती उघडं?" अंधारात उजेड थोडाच असतो, तो गोळा करायला पसरट भांडं हवं, हे त्याचं गणित. म्हणून आकाशासाठी तो नेहमी मुख्य कॅमेराच वापरायचा. झूमचं बटण दाबलं की अंधारात फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करून दाखवतो, हेही त्याने शोधून काढलं होतं आणि चार जणांना ऐकवलं होतं.

गेल्या वर्षापासून दादाचा उजवा हात किंचित कापायला लागला होता. सही वाकडी येत होती. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, आणि दादा तर मुळीच नाही. धूमकेतूचा एक नीट फोटो आपल्या हातून व्हावा, एवढंच त्याला हवं होतं. त्याने ते तोंडाने म्हटलं नाही. पण खुर्चीवर ज्या तऱ्हेने बसला होता त्यावरून छोट्याला सगळं कळलं.

"संध्याकाळी ये," छोट्या म्हणाला. "करून ठेवतो."

आता छोट्याने केलं ते या धंद्यातले पुष्कळ जण करतात. त्याने विचार केला, दादा फोन तीन पायांच्या तिकाटण्यावर लावणार. तिकाटणं हलत नाही, मग स्टॅबिलायझर हवाय कशाला? त्याने भिंगाच्या चौकटीत निळ्या दिव्याखाली कडक होणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडला आणि तरंगणारं भिंग जागच्या जागी चिकटवून टाकलं. घरघर थांबली. समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढून पाहिला, अक्षरं खणखणीत. ओरिजिनल आला की गुपचूप बसवून देऊ, असं त्याने मनाशी ठरवलं. विचार वाईट नव्हता. फक्त एक चूक झाली. दादाने "नवा टाकलास ना?" असं विचारलं तेव्हा तो "हो, ओरिजिनल" म्हणाला. गोंदाचं नाव काढलं असतं तर दादाने तासभर तासलं असतं. वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळता मावळता दोघं तलावाच्या बांधावर गेले. दादाने पायऱ्या चढताना छोट्याचा हात घेतला नाही. तिकाटण्याचे पाय त्याने स्वतः रोवले, पाणसळीने तपासले, फोन आडवा धरून पकडीत बसवला आणि स्क्रू आवळला. आवळताना बोटं थरथरत होती. छोट्याने मुद्दाम पाण्याकडे पाहिलं.

"उजवीकडे पंपाचं घर, खाली पाणी, आणि डावीकडे वर तो. मधे काही नको," दादा म्हणाला. फोटो त्याने आठ दिवस आधीच डोक्यात काढून ठेवला होता. फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे मधेच कुणाचा निरोप येऊन थरथरायला नको. दहा सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बोटाचा धक्का नको. आपण अगदी स्थिर आहोत हे फोनला आतल्या आत कळलं आणि पडद्यावर चार मिनिटांचा आकडा आला. दादा खूश झाला.

"चार मिनिटं सलग नाही हं घेत तो," दादा कुजबुजला, जणू मोठ्याने बोललं तर धूमकेतू बिचकेल. "सलग घेतलं तर पृथ्वी फिरते आणि चांदण्यांच्या रेघा होतात. सोळा-सोळा सेकंदांचे फोटो घेतो आणि चांदणीवर चांदणी बसवून एक करतो. सेन्सरची खरखर अशानेच मरते."

धूमकेतू साध्या डोळ्यांनाही दिसत होता, टेकडीच्या वर चार बोटं. भुरकट, जरा तिरका. दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहून श्वाससुद्धा जपून घेत होते. लहानपणी बापाची झोप मोडू नये म्हणून असेच उभे राहायचे.

फोटो आला. उजवीकडे पंपाच्या घरावरच्या चांदण्या सुईच्या टोकासारख्या. डावीकडे मात्र एकही चांदणी धड नव्हती. प्रत्येकीला एकाच बाजूला पंखा फुटला होता. आणि त्या गाळात धूमकेतूचं डोकं पसरलं होतं, शेपूट दिसतच नव्हतं.

छोट्याने वाकून डाव्या कडेकडे पाहिलं. त्याला एका क्षणात समजलं. भिंग चिकटलं होतं, पण केसभर तिरकं. तोंड एवढं उघडं असलेल्या भिंगाला केसभर तिरकेपणाही चालत नाही. एक बाजू नेमकी उमटते, दुसरी विस्कटते. दिवसा फोटोच्या डाव्या कडेला कोण बघतो? काही पुसट असलं तर फोन ते स्वतःच रेखून देतो. पण चांदणी म्हणजे नुसता ठिपका. ठिपक्यात काही लपत नाही.

दादाने चष्मा कपाळावर सरकवून पडदा डोळ्यांशी नेला. "उजवीकडचं जागेवर, डावीकडचं ओढलेलं," तो मोजणीदाराच्या आवाजात म्हणाला. "म्हणजे फोन पकडीत फिरला. उजव्या कोपऱ्याभोवती. स्क्रू ढिला राहिला." मग थांबून त्याने विचारलं, "भिंगाचा प्रश्नच नाही ना? तू नवं टाकलंयस."

"हो," छोट्या म्हणाला.

"मग माझंच बोट," दादा म्हणाला.

आणि त्याने पुन्हा स्क्रू आवळला. छोट्याने हात पुढे केला तर "राहू दे, मी करतो." ओठ घट्ट मिटून, दोन्ही हातांनी, इतका आवळला की नखं पांढरी पडली. पुन्हा टायमर. पुन्हा चार मिनिटं. पुन्हा तोच गाळ.

एक वाक्य पुरलं असतं. फोन काढून उलटा लावला असता, वरचं खाली करून, तर चांगली बाजू डावीकडे आली असती आणि धूमकेतू शेपटीसकट उमटला असता. पंपाचं घर थोडं विस्कटलं असतं, त्याला कोण विचारतो! छोट्याच्या जिभेवर ते वाक्य आलं.

"दादा, फोन उलटा लावून बघूया का?"

"का?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, हे छोट्याला त्या बांधावर कळलं. "असंच."

"असंच काही नसतं. कारण सांग." दादाचा आवाज रागाचा नव्हता. त्याला खरंच कारण हवं होतं.

छोट्याने पुन्हा पाण्याकडे पाहिलं. टेकडीवर धूमकेतू अजून दोन बोटं वर होता. दादाने तिसऱ्यांदा स्क्रू आवळला, या वेळी हात इतका कापला की तिकाटण्याचाच पाय सरकला. ते पुन्हा सरळ करेस्तोवर क्षितिजावरचा धुरकट पट्टा वर आला आणि धूमकेतू त्यात विरघळला.

"चल," दादा म्हणाला. उतरताना त्याने छोट्याचा हात धरला.

पुढचे सगळे दिवस ढग. मग धूमकेतू गेला तो गेलाच.

वीस दिवसांनी वहिनी दुकानात आली. बसली नाही. "भाऊजी, तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी. तिकाटणं शाळेला देऊन टाकलं. गच्चीवर पाय ठेवत नाहीत. काल दाढीसुद्धा मला करायला सांगितली. म्हणतात, या हाताने साधा स्क्रू आवळवत नाही, वस्तरा काय धरू?" बोलता बोलता तिने पदराने डोळे टिपले. "कंप होता, पण एवढा खचलेला माणूस मी पाहिला नव्हता हो."

ओरिजिनल कॅमेरा आदल्याच दिवशी आला होता. छोट्याने तो खिशात टाकला, दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं आणि दादाच्या घरी गेला. दादा खिडकीपाशी बसला होता, हात मांडीखाली दाबून.

छोट्याने सगळं सांगितलं. गोंद, तिरकं भिंग, खोटं. "तुझा हात नव्हता दादा. स्क्रू पक्का होता. पहिल्यापासून पक्का होता."

दादाने मांडीखालचा हात काढला आणि उलटसुलट करून पाहिला.

"उलटा लाव म्हणालास, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"तेव्हा तो किती वर होता?"

छोट्याने खाली मान घातली. "दोन बोटं."

"दोन बोटं," दादा म्हणाला. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. आयुष्यभर तेच केलं होतं. "पंधरा मिनिटं. म्हणजे दोन फोटो निघाले असते."

"दादा, मला माफ कर."

"केलं रे." दादाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "गोंदाचं मला काही वाटत नाही. घाईत होतो, मीच तुझ्यामागे लागलो होतो. पण मी तुला कारण विचारलं होतं, छोट्या. दोनदा विचारलं होतं."

छोट्याने तिथेच टेबलावर नवा कॅमेरा बसवून दिला. दादाने आभार मानले, वहिनीने चहा दिला. दादा पुन्हा स्वतःची दाढी करू लागला, एखाद्या संध्याकाळी गच्चीवरही जाऊ लागला. वहिनी तसं फोनवर सांगायची, आणि छोट्याला वाटायचं, चला, निभावलं.

मग एका रविवारी तो सहज घरी गेला. दादाने हसत दार उघडलं, बस म्हणाला, तब्येत विचारली. टेबलावर फोन पडला होता. त्याच्या पडद्यावर नवी कोरी काच बसवलेली होती, आणि कडेला बाजारातल्या दुसऱ्या दुकानाचा छोटा स्टिकर.

"फुटली होती का रे?" छोट्याने विचारलं. "माझ्याकडे का नाही आणलास?"

दादाने काचेवरून अंगठा फिरवला. "तुला कशाला त्रास," तो म्हणाला, आणि चहा घेणार ना, असं विचारायला उठला.