कव्हर, एक नग

सहावीच्या सहलीसाठी हॉटेलकडून कोटेशन मागवायचं काम रोवेना टीचरकडे आलं. शाळेत असली कामं नेहमी तिच्याकडेच येत. ती सगळं नीट लिहायची, हे तिचं दुर्दैव.

हॉटेल जुन्नरजवळचं होतं. शाळांच्या सहली तिथे नेहमी उतरतात आणि किल्ला हाकेच्या अंतरावर. रोवेनाने गास गावातल्या आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून मेल लिहिला, आणि असा लिहिला की वाचणाऱ्याला परत फोन करून काही विचारायला नको. दोन रात्री, बावीस मुलगे, वीस मुली, पाच शिक्षक, शिवाय बसचा ड्रायव्हर आणि क्लीनर. मुलांचा हॉल आणि मुलींचा हॉल वेगवेगळ्या मजल्यांवर हवेत. मुलांबरोबर दोन सर झोपतील, मुलींबरोबर तीन टीचर, आणि शिक्षकांचे बेड हॉलच्या दाराशीच असावेत. त्या मजल्यांवर दुसरे पाहुणे नकोत. किती मुलांमागे एक शिक्षक फुकट, ते कळवावं. ऊन चढायच्या आत किल्ला चढायचा आहे, तर नाष्टा साडेपाचला मिळेल का, आणि किचन एवढ्या लवकर उघडायचे वेगळे पैसे पडतील का?

शेवटी तिने आणखी एक ओळ लिहिली. मुलांच्या हॉलमध्ये बाथरूमजवळच्या एका खालच्या बेडला वॉटरप्रूफ कव्हर घालावे.

नाव तिने लिहिलं नाही. ते कव्हर तिच्याच मुलासाठी होतं. शॉन सहावीत, तिच्याच शाळेत. महिन्यातून दोन-तीनदा त्याचं अंथरूण ओलं व्हायचं. होईल हळूहळू बंद, असं डॉक्टर म्हणाले होते, पण डॉक्टरांना थोडीच सहलीला जायचं होतं. मागच्या वर्षीच्या कॅम्पला तो आईच्या खोलीत झोपला. टीचरचा मुलगा, लाडोबा, म्हणून पोरांनी चिडवलं तेवढंच. आता मुलांचा मजला वेगळा, मुलींचा वेगळा, आणि हे तिनेच मेलमध्ये ठणकावून मागितलं होतं.

कोटेशन दोन दिवसांत आलं. हॉटेलचे मॅनेजर रमेश मोठे व्यवस्थित गृहस्थ निघाले. पंधरा मुलांमागे एक शिक्षक फुकट, पहाटेच्या नाष्ट्याला पोहे, उकडलेली अंडी, केळी आणि दूध, जीएसटी वेगळा, निम्मे पैसे आगाऊ. रोवेनाने ते वरवर पाहिलं आणि हेडमास्तर फ्रेडरिक सरांकडे पाठवलं. सरांनी तर वरवरही पाहिलं नाही. एवढे पैसे कशाचे, म्हणून पालक आठवडाभर विचारत होते. सरांनी अख्खं कोटेशन उचललं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. घ्या, वाचा.

पालकांनी वाचलं. नाष्टा आणि जीएसटी यांच्या मधोमध, ठळक अक्षरांत ओळ होती: वॉटरप्रूफ मॅट्रेस कव्हर, मुलांचा हॉल, बाथरूमजवळचा खालचा बेड, एक नग.

"हे कुणासाठी बरं?" पहिला मेसेज क्लेमेंटीनचा. ही पालक संघाची सेक्रेटरी. हिला शाळेतलं सगळं ठाऊक असतं, आणि जे ठाऊक नसतं ते ती विचारून घेते. खाली कुणीतरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. कुणी लिहिलं, सहावीत? अजून? मग पुन्हा क्लेमेंटीन: "मागच्या वर्षी कॅम्पला कोण आलं नव्हतं, आठवा."

आला नव्हता एकटा संग्राम. बारीक चणीचा, शेवटून दुसऱ्या बाकावरचा. त्याची आई सुरुची सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगचं काम करायची. ताप आलाय, म्हणून तिने तेव्हा कळवलं होतं. ग्रुपवर त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. तशी गरजच उरली नाही.

रोवेनाने हे सगळं वाचलं. तिने लिहायला घेतलं, 'ही मागणी मी', आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, 'कृपया कुणीही', तेही पुसलं. जे काय लिहावं त्याच्या पुढचा प्रश्न एकच होता, मग कुणासाठी? फोन तिने उलटा करून ठेवला आणि मासळी साफ करायला बसली. वाईट वाटत होतं, आणि त्याच्या तळाशी, सांगायलाही लाज वाटावी असा, जिवाला थोडा आरामही वाटत होता. शॉनचं नाव कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये फ्रेडरिक सरांनी विचारलं, "टीचर, ते कव्हर कुणासाठी? तो संग्राम ना?"

"खबरदारी म्हणून मागितलं, सर," ती म्हणाली.

सरांनी समजूतदारपणे मान हलवली. संग्राम नाही, हे दोन शब्द तिच्या जिभेवर होते. चहाबरोबर तिने ते गिळून टाकले.

गुरुवारी शाळा सुटताना सुरुची गेटपाशी उभी होती. अर्धा दिवस खाडा करून आली होती. हातात सहलीचा संमतीचा कागद. रोवेनाला वाटलं, आता ही भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं.

"टीचर, जरा बाजूला येता?" सुरुचीने आवाज खाली घेतला. "मी ह्या वर्षीपण नाहीच पाठवणार होते त्याला. काहीतरी कारण सांगितलं असतं. पण ग्रुपवर तो कागद बघितला आणि खरं सांगते, रडूच आलं मला. तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"संग्रामचं. मी माझ्या सासूलापण नीट सांगितलं नाहीय. आणि तुम्ही न सांगता त्याची सोय केलीत, बाथरूमजवळचा बेडसुद्धा मागितलात. लोक काय, चार दिवस हसतील. पण शाळेत कुणीतरी त्याचा विचार केला ना! म्हटलं, आता पाठवायचंच." तिने कागद पुढे केला. सही नुकतीच केलेली होती. "थँक्यू हां, टीचर."

रोवेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हीच वेळ होती, आणि त्या कोपऱ्यात ऐकणारं कुणी नव्हतंही. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"अहो, थँक्यू कसलं. आमचं कामच आहे ते."

घरी येताच तिने हॉटेलला फोन लावला. कव्हर दोन हवीत, एवढंच तिला सांगायचं होतं.

"दोन काय नि एक काय, टीचर," पलीकडून रमेश म्हणाले. "आमच्या हॉलच्या सगळ्या गाद्या रेक्झीनच्याच आहेत. शाळांसाठीच तशा बनवून घेतल्यात. तुम्ही लिहून मागितलं, म्हणून मी लिहून दिलं. बघा, रकमेच्या जागी शून्य टाकलंय."

"सगळ्या?"

"सगळ्या. प्रत्येक शाळेत दोन-तीन पोरं असतातच हो. त्यात तुमचा नाष्टा लवकर, ते फार बरं. पोरं खाली खायला आली की आमच्या बायका वर जाऊन चादरी बदलून टाकतात. कोणाची ओली, कोणाची कोरडी, कुणाला पत्ता नाही. बाकीच्या शाळा फोनवर विचारतात. तुम्ही लिहिलंत म्हणून म्हटलं, तुमच्याकडे तशी पद्धत असेल."

ती ओळ काढून नवीन कोटेशन पाठवा, असं तिने सांगितलं. ते तासाभरात आलं, आणि सरांनी तेही तत्परतेने ग्रुपवर टाकलं. लगेच क्लेमेंटीन: "कव्हर गेलं वाटतं. म्हणजे नाव मागे घेतलं का त्यांनी?" पुन्हा हसरे चेहरे. रोवेनाने पडदा टाकायला म्हणून जे केलं, त्याने संग्रामवर शिक्काच बसला.

शॉन अंगणात सायकलची चेन बसवत होता. ती त्याच्याजवळ पायरीवर बसली.

"वर्गात संग्रामला कुणी काही बोलतं का रे?"

"कव्हर म्हणतात." त्याने वर पाहिलं नाही.

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"आणि तू?"

चेन दोनदा निसटली. "मी पण म्हटलं. सगळे म्हणत होते, मग मी गप्प बसलो असतो तर त्यांना कळलं असतं." मग तेलकट हात चड्डीला पुसत तो म्हणाला, "तू पण ग्रुपवर काही बोलली नाहीस ना. मी बघितलं तुझ्या फोनमध्ये."

त्याने हे चिडून म्हटलं नव्हतं. आईने एक युक्ती केली, आपणही तीच केली, इतक्या सहज म्हणाला. रोवेनाला तिथल्या तिथे तोंड लपवावंसं वाटलं. बारा वर्षं ती मुलांना शिकवत होती. घरच्या मुलाला तिने काय शिकवलं, ते आत्ता कळलं.

तिने शॉनला गेटवरची सगळी गोष्ट सांगितली. संग्रामचंही तसंच आहे, हे ऐकून तो चेन सोडून तिच्याकडे बघत राहिला.

"खरंच? संग्रामचं पण?"

"हो. मी त्याच्या आईला खरं सांगू का, ते कव्हर तुझ्यासाठी होतं म्हणून?"

त्याने तेलकट बोटं पुन्हा चड्डीला पुसली. "सांग," तो म्हणाला.

तिने तिथेच पायरीवर बसून सुरुचीला फोन लावला. आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. ते कव्हर शॉनसाठी होतं. संग्रामचं आपल्याला काहीच माहीत नव्हतं. ग्रुपवर आपण गप्प बसलो, सरांपुढे गप्प बसलो, आणि तुमचे आभारही घेतले.

सुरुची म्हणाली, "म्हणजे माझ्या पोराचा विचार कुणी केलाच नव्हता."

"नाही," रोवेना म्हणाली. "मला माफ करा. मला खूप लाज वाटतेय."

"हसले ते सगळ्यांसमोर, टीचर. आणि तुम्ही खरं सांगताय ते मला एकटीला." सुरुचीने फोन ठेवला.

शॉन बाजूलाच उभा होता. फोनमधलं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं. रोवेनाने त्याच्याकडे पाहिलं, पण विचारायची तिची हिंमत होईना. हे गुपित तिचं नव्हतं, त्याचं होतं.

"लिही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण जास्त लिहू नको. लहानपणापासून वगैरे काही नको."

तिने लिहिलं: "हॉटेलकडे ते कव्हर मी माझ्या मुलासाठी, शॉनसाठी मागितलं होतं. दुसऱ्या मुलावर बोट दाखवलं गेलं तेव्हा मी गप्प बसले. चूक माझी आहे. त्या मुलाची आणि त्याच्या आईची मी सगळ्यांसमोर माफी मागते." ह्या वेळी पुसलं नाही. शॉनने वाचून मान हलवल्यावर पाठवून दिलं.

क्लेमेंटीन काहीतरी लिहीत असल्याचं दिसलं, मग थांबलं, पुन्हा दिसलं, आणि मग दिसेनासं झालं. सहलीला मुलांबरोबर जाणाऱ्या व्हिव्हियन सरांनी हात जोडल्याची खूण टाकली. शॉन पुन्हा चेनपाशी जाऊन बसला, पण हात चालत नव्हते. उद्या शाळेत काय होणार, हे दोघांनाही कळत होतं.

दिवे लागायच्या सुमाराला सुरुचीचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, रोवेनाला एकटीला. माफ केलं असं त्यात कुठेच नव्हतं.

"पहाटे नाष्ट्याला दोघांना शेजारी बसवा."